दवाखान्याबाहेर ‘मोफत फ्लू लस शिबिर’ची नोटीस लागलीय, ती नीट कशी वाचायची

पावसाळ्याच्या आधी, एप्रिल-मेमध्ये, बऱ्याच दवाखान्यांच्या दारावर नाहीतर सोसायटीच्या ग्रुपवर एक नोटीस येते. मजकूर साधारण असा असतो:

मोफत फ्लू लसीकरण शिबिर. रविवार, सकाळी ९ ते दुपारी १. ६० वर्षांवरील नागरिक, गरोदर माता, मधुमेह, रक्तदाब, दमा, हृदयविकार, किडनीविकार असलेले रुग्ण आणि ६ महिने ते ५ वर्षे वयाची बालके यांना प्राधान्य. येताना आधार कार्ड, चालू औषधांची चिठ्ठी व जुनी फाईल, गरोदर मातांनी माता-बाल कार्ड, बालकांचे लसीकरण कार्ड आणावे. ताप असल्यास येऊ नये. लस घेतल्यावर अर्धा तास थांबावे. डोस मर्यादित.

सात-आठ ओळींची नोटीस, लोक वाचतात, तारीख लक्षात ठेवतात आणि बाकीचं सोडून देतात. मी अशा शिबिरांत रजिस्ट्रेशनच्या टेबलावर बसते, म्हणून सांगते की यातली प्रत्येक ओळ कशासाठी तरी लिहिलेली असते, आणि ती का लिहिलीय हे कळलं नाही की नको त्या लोकांची रांग लागते आणि ज्यांनी खरंच यायला हवं ते घरी बसून राहतात.

आधी फ्लू म्हणजे काय ते थोडक्यात, कारण आपल्याकडे नाक गळलं तरी लोक फ्लू झाला म्हणतात. ही लस फक्त इन्फ्लुएन्झा नावाच्या व्हायरससाठी आहे. त्याचे ए आणि बी असे दोन प्रकार माणसांत फिरतात, आणि ए मधले सध्याचे दोन म्हणजे एच१एन१ आणि एच३एन२. एच१एन१ म्हटलं की पुण्यातल्या लोकांना २००९ आठवेल, स्वाइन फ्लूने देशातला पहिला मृत्यू ऑगस्ट २००९ मध्ये पुण्यातच झाला होता, मास्कसाठी मेडिकलबाहेर रांगा लागल्या होत्या. तो व्हायरस कुठे गेला नाही, आता तो दरवर्षीच्या साध्या फ्लूमध्येच मिसळून फिरतो. साधी सर्दी, डेंग्यू, कोविड यांच्याशी या लसीचा काही संबंध नाही, त्यामुळे लस घेऊनही सर्दी झाली म्हणजे लस फुकट गेली असं होत नाही.

आता नोटीस एप्रिल-मेमध्येच का लागते? महाराष्ट्रात फ्लूचा मोठा भर पावसाळ्यात येतो, जूनच्या शेवटापासून सप्टेंबरपर्यंत, आणि दुसरा छोटा भर जानेवारी ते मार्चच्या आसपास. लस घेतल्या घेतल्या संरक्षण मिळत नाही, शरीराला अँटीबॉडी बनवायला साधारण दोन आठवडे लागतात, म्हणजे मेच्या मध्यावर घेतली तर पाऊस सुरू होईपर्यंत शरीर तयार असतं. फार आधी घेतली तर तोही तोटाच, कारण अँटीबॉडी पुढच्या काही महिन्यांत हळूहळू कमी होत जातात. आणि समजा शिबिर जुलैमध्ये असलं तरी जा, उशीर झाला म्हणून सोडून देऊ नका, तेव्हा सीझन अजून बराच बाकी असतो.

दरवर्षी घ्यायची का, हा प्रश्न टेबलावर सगळ्यात जास्त येतो. हो, दरवर्षी, आणि त्याची कारणं दोन. एक म्हणजे आत्ता सांगितलं तसं संरक्षण ओसरतं. दुसरं म्हणजे हा व्हायरस सारखा थोडा थोडा बदलत राहतो, म्हणून जागतिक आरोग्य संघटनेची तज्ज्ञ मंडळी वर्षातून दोनदा बसून ठरवतात की पुढच्या लसीत कुठले स्ट्रेन घ्यायचे, फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी आणि सप्टेंबरमध्ये दक्षिण गोलार्धासाठी. आपण नकाशावर उत्तरेला असलो तरी आपला मुख्य सीझन पावसाळ्यात येत असल्यामुळे एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे बहुतेक दक्षिण गोलार्धाची लस मिळते, त्यात घाबरण्यासारखं काही नाही, उलट त्या वेळी तीच सगळ्यात ताजी असते. खोक्यावर कुठल्या वर्षाची लस आहे ते छापलेलं असतं, एक्सपायरीसोबत तेही बघायचं, मागच्या सीझनची उरलेली लस या सीझनला वापरायची नसते.

आता ‘कोणी यावं’ ही ओळ. ती वाचून तरुण धडधाकट लोक रागावतात की आम्हाला का नाही, आणि सत्तरीचे आजोबा म्हणतात मला काय झालंय, मी रोज चालायला जातो. या यादीचा अर्थ असा की फ्लू सगळ्यांना होऊ शकतो पण ज्यांना झाल्यावर तो फुप्फुसात उतरून न्यूमोनिया व्हायची, ऑक्सिजन लावायची वेळ यायची शक्यता जास्त, ते आधी. शुगरवाल्या माणसाचं शरीर इन्फेक्शनशी कमी ताकदीने लढतं आणि तापात शुगरही वर जाते. दम्यात श्वासनलिका आधीच सुजलेल्या असतात. हृदयाचं म्हणाल तर फ्लूनंतरच्या पहिल्या आठवड्यात हार्ट अटॅकचा धोका बराच वाढतो, कॅनडातल्या २०१८ च्या एका मोठ्या अभ्यासात तो सहापट दिसला होता. त्यामुळे ज्यांची अँजिओप्लास्टी झालीय त्यांना मी मुद्दाम सांगते की ही लस जितकी फुप्फुसासाठी तितकीच तुमच्या हृदयासाठी आहे.

या यादीत डायलिसिसवाले, केमो चालू असलेले, रोजची स्टिरॉइडची गोळी घेणारे, किडनी बदललेले असे लोकही येतात, नोटिशीत जागा नसते म्हणून लिहिलेलं नसतं. यांनी शिबिराच्या आधी आपल्या डॉक्टरांना एक फोन करावा, लस नको म्हणून नाही तर कधी घ्यायची ते ठरवायला, उदाहरणार्थ केमोच्या दोन सायकलमध्ये कुठे बसवायची ते कॅन्सरचे डॉक्टरच सांगू शकतात. इंजेक्शनमधली लस मेलेल्या व्हायरसच्या तुकड्यांची असते, तिच्याने फ्लू होऊच शकत नाही, त्यामुळे कमी प्रतिकारशक्तीच्या माणसालाही ती चालते. नाकात मारायचा स्प्रे असतो तो वेगळा, त्यात जिवंत पण कमजोर केलेला व्हायरस असतो, तो गरोदर बाईला आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांना द्यायचा नसतो. शिबिरात जवळपास नेहमी इंजेक्शनच असतं पण विचारून घ्यायला काय जातंय.

आता माझ्या मते नोटिशीतली सगळ्यात महत्त्वाची ओळ, जी लोक वाचतच नाहीत: फाईल आणि औषधांची चिठ्ठी आणा. लोक आधार कार्ड न चुकता आणतात आणि फाईल घरी ठेवतात. आधार फक्त नाव, वय रजिस्टरमध्ये लिहायला आणि पुढे सर्टिफिकेट द्यायला लागतं, ते नसेल तर दुसरं कुठलं ओळखपत्रही बऱ्याच ठिकाणी चालतं. तुम्हाला लस द्यायची का, कुठल्या हातात द्यायची आणि नंतर काय काळजी घ्यायची हे फाईलवरून ठरतं, आणि सिस्टरकडे ते ठरवायला प्रत्येकामागे दोन-तीन मिनिटंच असतात. फाईल नसेल तर चिठ्ठी आणा, चिठ्ठी नसेल तर गोळ्यांच्या पाकिटांची पट्टी घेऊन या, तेवढ्यावरही खूप काही कळतं, पण ‘ती पांढरी छोटी गोळी’ यावरून कुणालाच काही कळत नाही.

एक घर घेऊन बघू म्हणजे नीट समजेल. समजा घरात सत्तरीचे आजोबा आहेत, शुगर आहे, मागे स्टेंट बसवलाय. आजीला दमा आहे, सूनबाईंना पाचवा महिना चालू आहे, नातू चार वर्षांचा आहे, आणि मुलगा पस्तिशीचा, ठणठणीत. असे पाचजण रविवारी शिबिरात आले.

आजोबांच्या पट्टीवर क्लोपिडोग्रेल दिसतं, म्हणजे रक्त पातळ करायची गोळी. ही बघितली की सिस्टर बारीक सुई घेते आणि इंजेक्शननंतर कापूस दोन मिनिटं घट्ट दाबून धरायला सांगते, चोळायचं नाही, चोळलं की आत रक्त साकळून दंड काळानिळा होतो. लसीसाठी ही गोळी बंद करायची नसते, काही आजोबा आपल्या मनानेच दोन दिवस आधी बंद करून येतात, आणि स्टेंटवाल्या माणसाने असं करणं इंजेक्शनपेक्षा कितीतरी जास्त धोक्याचं आहे. जे वॉरफेरिन किंवा अ‍ॅसिट्रॉम घेतात त्यांनी रक्त किती पातळ झालंय ते दाखवणारा शेवटचा आयएनआरचा रिपोर्ट आणावा, तो फार वर गेला असेल तर डॉक्टर दोन-चार दिवस थांबवतील. सकाळी नाश्ता करून आणि शुगरची गोळी नेहमीप्रमाणे घेऊन या, उपाशीपोटी यायची ही रक्ततपासणी नाही, रांगेत उपाशी उभं राहून चक्कर आलेली माणसं आम्ही दर वेळी बघतो आणि मग दोष लसीला जातो.

आजीचा दमा नीट काबूत असेल, इन्हेलर चालू असेल तर सरळ लस. पण त्या दिवशी छातीत घरघर, धाप लागलेली असेल तर त्या दिवशी नाही, आधी दमा आटोक्यात आणायचा. आणि आजींना कधी ब्रेस्ट कॅन्सरचं ऑपरेशन होऊन काखेतल्या गाठी काढल्या असतील तर त्या बाजूच्या हाताला इंजेक्शन शक्यतो टाळतात, तसंच डायलिसिसवाल्यांच्या फिस्टुलाच्या हाताला तर सुई लावायचीच नाही. हे सिस्टरला बाहेरून कळायला मार्ग नाही, सांगावंच लागतं.

सूनबाईंचं माता-बाल कार्ड का मागतात? कितवा महिना चालू आहे आणि कुठली इंजेक्शनं झालीत ते त्यावर असतं. इथे एक गोंधळ हमखास होतो, गरोदरपणात धनुर्वाताचं इंजेक्शन दिलेलं असतं आणि घरचे म्हणतात तिचं इंजेक्शन झालंय, आता परत कशाला. ते वेगळं, हे वेगळं. राज्य सरकारच्या मोफत लसीत गरोदर बायकांना पहिले तीन महिने सोडून दुसऱ्या आणि तिसऱ्या तिमाहीत देतात, त्यामुळे पाचवा महिना म्हणजे अगदी योग्य वेळ. यात आईचा तर फायदा आहेच, कारण गरोदरपणात फुप्फुसांना जागा कमी पडते आणि फ्लू जोरात होतो, पण बाळाचाही मोठा फायदा आहे: सहा महिन्यांच्या आत बाळाला फ्लूची लस देताच येत नाही, त्या काळात त्याच्याकडे असतात त्या आईकडून नाळेतून आलेल्या अँटीबॉडी. म्हणून सासूबाईंनी नको म्हटलं म्हणून परत जाणारी बाई बघितली की मला फार वाईट वाटतं, आणि मी त्या सासूबाईंनाच खुर्ची देऊन समजावते, बऱ्याचदा पटतं.

नातवाचं प्रकरण सगळ्यात जास्त चुकतं. सहा महिने ते आठ वर्षांपर्यंतचं मूल पहिल्यांदाच फ्लूची लस घेत असेल तर एका डोसने भागत नाही, कमीत कमी चार आठवड्यांच्या अंतराने दुसरा डोस लागतो, कारण त्या शरीराने हा व्हायरस फारसा पाहिलेलाच नसतो, पहिला डोस फक्त ओळख करून देतो. दोन्ही झाले की पुढच्या वर्षीपासून एकच. आता मोफत शिबिर एक रविवार असतं, पहिला डोस मिळतो, आणि दुसऱ्या डोसचं काय हे कुणी विचारत नाही, मूल अर्धवट संरक्षणावर पावसाळा काढतं. म्हणून लहान मूल घेऊन जाणाऱ्यांनी तिथल्या तिथे विचारायचं: दुसरा डोस तुमच्याकडे मोफत मिळणार का, तारीख कोणती, आणि नसेल मिळणार तर कुठे घेऊ. ती तारीख बाळाच्या लसीकरण कार्डावर लिहून घ्यायची, नुसतं तोंडी नको. सरकारी लसीकरणाच्या नेहमीच्या वेळापत्रकात फ्लू नाहीये, त्यामुळे आशाताई आठवण करायला येतील असं धरून चालू नका.

राहिला मुलगा. यादीत त्याचं नाव नाही, पण त्याच्या घरात चार महिन्यांनी तान्हं बाळ येणार आहे ज्याला लस देता येणार नाही, आणि रोज लोकलने जाऊन-येऊन घरी व्हायरस आणणारा बहुतेक तोच असेल. ‘डोस मर्यादित’ लिहिलेलं असतं तेव्हा माझं म्हणणं असं की त्याने रांगेत शेवटी थांबावं, उरली तर घ्यावी, आणि परवडत असेल तर बाहेर विकत घ्यावी, दीड-दोन हजारांच्या घरात जाते. त्याच्या जागी एखाद्या धुणीभांडी करणाऱ्या, शुगर असलेल्या मावशींना तो डोस मिळाला तर त्यांना बाहेर घेणं शक्यच नव्हतं, हे लक्षात घ्या.

‘ताप असल्यास येऊ नये’ या ओळीचा लोक उलटसुलट अर्थ लावतात. नुसतं नाक गळतंय, शिंका येतायत, घसा थोडा खवखवतोय पण ताप नाही, तर लस चालते, उगाच परत जाऊ नका. ताप आहे, अंग मोडून आलंय तर खरंच येऊ नका, एक तर नंतर ताप लसीचा की आजाराचा हे कळत नाही, आणि दुसरं म्हणजे ज्या हॉलमध्ये गरोदर बायका आणि दमेकरी बसलेत तिथे तुम्ही खोकत बसणार. पण यादीतल्या माणसाला असा एकदम चढलेला ताप, कोरडा खोकला, अंगदुखी असेल तर पुढच्या शिबिराची वाट बघत घरी झोपू नका, लगेच डॉक्टरांकडे जा, कारण फ्लूवरचं औषध ओसेल्टामिविर पहिल्या ४८ तासांत सुरू झालं तर सगळ्यात चांगलं काम करतं.

लस टाळायची किंवा आधी डॉक्टरांशी बोलायचं अशी खरी कारणं मोजकीच आहेत. आधीच्या फ्लूच्या लसीने अंगभर गांध्या उठून श्वास अडकला होता, हे एक. आधीच्या फ्लूच्या लसीनंतर सहा आठवड्यांत हातापायातली ताकद जाणारा गुइलेन बॅरे आजार झाला होता, हे दुसरं. अंड्याची अ‍ॅलर्जी असेल तर सांगा, बहुतेक फ्लूच्या लसी अंड्यात वाढवलेल्या व्हायरसपासून बनतात, अंडं खाऊन नुसतं पुरळ येत असेल तर सहसा अडचण येत नाही पण डॉक्टरांना माहीत असलं पाहिजे. अंडं न खाणं आणि अंड्याची अ‍ॅलर्जी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

अर्धा तास थांबायला सांगतात ते यासाठीच. तीव्र अ‍ॅलर्जी फार दुर्मिळ, दहा लाख डोसमागे एखाद-दोन, पण ती आलीच तर बहुतेक वेळा पहिल्या काही मिनिटांत येते आणि तेव्हा मांडीत अ‍ॅड्रेनॅलिनचं इंजेक्शन लगेच द्यावं लागतं, ते टेबलावर तयार असतं, तुमच्या रिक्षात नसतं. ओठ-जीभ सुजल्यासारखी वाटली, आवाज बसला, अंगभर खाज सुटली तर लगेच सिस्टरला सांगा, लाजू नका. नंतर घरी दंड एक-दोन दिवस दुखणं, बारीक कणकण येणं हे नेहमीचं, पॅरासिटामॉल घेतली तरी चालते. ताप तीन दिवसांच्या पुढे गेला तर तो लसीचा समजू नका, दाखवून घ्या.

शिबिरात लस नीट ठेवलीय का हेही तुम्ही बघू शकता, आणि बघावं. ही लस २ ते ८ डिग्रीतच ठेवायची असते, बाहेर मे महिन्याचं चाळीस डिग्रीचं ऊन असतं, त्यामुळे सिरिंज थंड डब्यातून तुमच्या वेळेला बाहेर निघायला हवी, टेबलावर दहा-पंधरा सिरिंज आधीच मांडून ठेवलेल्या दिसल्या तर जरूर विचारा. थेट बर्फाला चिकटून गोठलेली लसही वाया जाते, ती परत वितळवून द्यायची नसते, कारण तिची ताकद गेलेली असते आणि बघून ते ओळखता येत नाही. म्हणून चांगल्या शिबिरात डब्यात थर्मामीटर असतो आणि त्याचं रीडिंग कुणीतरी वहीत लिहीत असतं.

आणि लस घेऊनही फ्लू झाला तर? होऊ शकतो. ज्या वर्षी लसीतले स्ट्रेन फिरणाऱ्या व्हायरसशी जुळतात त्या वर्षी डॉक्टरकडे जावं लागेल इतका फ्लू व्हायची शक्यता साधारण ४० ते ६० टक्क्यांनी कमी होते, म्हाताऱ्या माणसांत त्याहून थोडा कमी फायदा दिसतो, न जुळलेल्या वर्षी अजून कमी. पण लस घेतलेल्या माणसाला झाला तरी अ‍ॅडमिट व्हायची, आयसीयूत जायची वेळ कमी येते, आणि आजोबांच्या बाबतीत आपल्याला मुख्य तेच हवंय.

निघताना कार्डावर तारीख, लसीचं नाव आणि बॅच नंबर लिहून घ्या आणि ते कार्ड फाईलमध्येच लावा. शिबिर हुकलंच तर जवळच्या सरकारी किंवा महापालिकेच्या दवाखान्यात विचारा: गरोदर माता, शुगर-बीपीवाले आणि आरोग्य कर्मचारी यांच्यासाठी राज्याची मोफत फ्लू लस असते, फक्त साठा येतो आणि लवकर संपतो, त्यामुळे ‘आहे का’ एवढंच विचारून परत येऊ नका, ‘पुढचा साठा कधी येणार’ ते विचारा आणि सिस्टरकडे आपलं नाव आणि नंबर लिहून ठेवा.